लाज, नावड की सावधपणा? चार महिन्यांच्या संसारातल्या शांततेचं एक प्रकरण

(ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. दोघांच्याही संमतीने हे लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

तो एकतीस वर्षांचा, ती सत्तावीसची. लग्न ठरवून झालेलं. लग्नाआधी भेटी दोनच, आणि दोन्ही वेळेला बाजूच्या खोलीत घरची मंडळी बसलेली. साखरपुडा ते लग्न यांत जेमतेम दोन महिने गेले. त्या काळात फोनवर बहुतेक वेळ तोच बोलायचा. ती ‘हो’, ‘अच्छा’, ‘बघू’ एवढंच म्हणायची, पण रात्री मेसेज मात्र लांबलचक पाठवायची. त्याने फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं नीट, विचार करून दिलेलं उत्तर दोन-तीन तासांनी लेखी यायचं. पुढे हा तपशील फार कामाला आला. तो स्वतः मात्र तो विसरूनच गेला होता.

लग्नानंतर ती सासरी आली. घरात सासूबाई आणि हे दोघं. मोठी नणंद जवळच राहते, आठवड्यातून दोन-तीनदा चक्कर असते. दोघंही नोकरी करतात. पैशाची ओढाताण नाही, मारझोड नाही, व्यसन नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या घरात तक्रार करण्यासारखं काही दिसलं नसतं.

समस्या

समुपदेशनाला तो एकटाच आला, लग्नाला चार महिने झाल्यावर. बसल्या बसल्या त्याने निष्कर्षच सांगितला: “तिला मी आवडत नाही. घरच्यांनी बळेच लग्न लावून दिलं असणार.” पुरावे त्याच्याकडे तयार होते. ती स्वतःहून बोलत नाही. विचारलं तर एका शब्दात उत्तर देते. तो खोलीत आला की हातात काहीतरी काम घेते. जवळ गेलं की ती दूर सरकत नाही, पण अंग ताठ होतं. आणि त्याला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट म्हणजे माहेरच्या एका कार्यक्रमात त्याने तिला मावसबहिणींबरोबर खळखळून हसताना पाहिलं होतं. “म्हणजे हसता येतं तिला. फक्त माझ्यासमोर येत नाही.”

हा शेवटचा पुरावा जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि जवळजवळ प्रत्येक जण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. बुजरं माणूस सगळीकडे बुजरं नसतं. ओळखीच्या, जुन्या माणसांत ते मोकळं असतं. ज्याच्या मताची किंमत वाटते अशा नव्या माणसासमोरच ते जास्त गप्प होतं. त्यामुळे ‘इतरांशी बोलते, माझ्याशी नाही’ एवढ्यावरून लाजही सिद्ध होत नाही आणि नावडही नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून मुलांच्या स्वभावाचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे १५ टक्के मुलं ‘हळूहळू रुळणारी’ निघाली होती. नव्या गोष्टीपासून आधी मागे सरायचं, आणि घाई केली नाही तर आपल्या गतीने पुढे यायचं, असा त्यांचा स्वभाव. मोठेपणी प्रत्येकाचा स्वभाव तसाच राहतो असं नाही, पण असा स्वभाव असतो आणि तो रोग नव्हे, हे नव्या जोडप्यांना सांगावं लागतं.

अंग ताठ होण्याबद्दल मी त्याला थेट विचारलं, “मग तुम्ही काय करता?” तो म्हणाला, “थांबतो.” हे ऐकून बरं वाटलं. कारण लाज असो वा नावड, या बाबतीत वागायची रीत एकच आहे. ती गप्प आहे याचा अर्थ तिची संमती आहे असा होत नाही.

तो घरी काय करतो हेही विचारलं. रोज रात्री “काय झालं?”, “बोल ना काहीतरी”, “माझं काही चुकलं का?” असे प्रश्न. उत्तर आलं नाही की तो कूस बदलून झोपायचा आणि सकाळी आवाज चढलेला असायचा. एकाने मागे लागायचं, दुसऱ्याने आणखी आत जायचं, त्यामुळे पहिल्याने आणखी मागे लागायचं. या चक्राला वैवाहिक समुपदेशनात मागणी आणि माघार असं म्हणतात. एकदा ते फिरायला लागलं की सुरुवात कशाने झाली होती हे दोघांनाही दिसेनासं होतं.

कोणते पर्याय समोर होते

घरात आधीच चार सल्ले फिरत होते. सासूबाईंचं म्हणणं, वाट बघ, मूल झालं की सगळं सुरळीत होतं. हा सल्ला मला नेहमीच धोक्याचा वाटतो. जे दोन माणसांत उलगडलेलं नाही ते तिसऱ्या, पाळण्यातल्या जीवावर टाकायचं, असा त्याचा अर्थ होतो. नणंदेचं म्हणणं, तिच्या आई-वडिलांना बोलावून विचारा. मित्राचं म्हणणं, तिचा फोन बघ, कोणीतरी असेल. आणि त्याच्या मनात होतं ते म्हणजे एकदाच समोर बसवून विचारायचं: मी आवडतो की नाही, हो की नाही सांग.

फोन बघण्यावर फार चर्चा केली नाही. काही सापडलं नाही तरी ‘हा माझा फोन बघतो’ हे तिला कळायचं ते कळतंच, आणि मग तिच्या गप्प बसण्याला खरंखुरं कारण मिळतं.

आई-वडिलांना बोलावण्यावर मात्र तो अडून होता. त्याला तो सभ्य मार्ग वाटत होता. मी त्याला विचारलं, समजा ती खरंच नाखूश आहे. मग दोन्हीकडची सहा मोठी माणसं समोर बसलेली असताना ती ते बोलेल का? समजा नाखूश नाही, नुसती बुजलेली आहे. मग त्या बैठकीनंतर तिची भीड कमी होईल की वाढेल? दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं. अशा बैठकीत मुलगी “नाही नाही, सगळं छान आहे” म्हणते, तिची आई डोळे पुसते, आणि घरी गेल्यावर अबोला दुप्पट होतो.

‘हो की नाही सांग’ या प्रश्नाची अडचण वेगळी आहे. ठरवून झालेल्या लग्नात चौथ्या महिन्यात अनेकांकडे याचं खरं उत्तर तयारच नसतं. आवडण्याइतकी ओळख झालेली नसते. अशा वेळी ‘हो’ खोटं वाटतं, ‘नाही’ अन्यायाचं वाटतं, आणि माणूस गप्प राहतं. विचारणारा ते गप्प राहणं ‘नाही’ समजतो.

पहिला निर्णय: तिला कसं बोलवायचं

तिच्याशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही हे ठरलं. पण तिला ‘तुझ्यात काहीतरी बिघाड आहे, चल दाखवू’ असं वाटता कामा नये. शिवाय यायचं नाही असं म्हणायची मोकळीक तिला हवी. तेव्हा तिच्या लांब मेसेजांची गोष्ट निघाली. मी सुचवलं, समोरासमोर नको, लिहून विचारा. त्याने लिहिलं की आपल्यात अवघडलेपण आहे, त्यात माझाही भाग असणार, मी एका समुपदेशकांकडे जाऊन आलो, तुला एकटीला भेटायचं असेल तर भेट, नको असेल तर राग नाही. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: “जाईन.”

पहिल्यांदा एकटीलाच भेटायचं हा आग्रह यासाठी की धाक, मारहाण, जबरदस्तीचं लग्न किंवा आधीचं नातं, यांपैकी काही असेल तर ते नवऱ्यासमोर निघत नाही, आणि निघालं तर घरी त्याची किंमत तिला मोजावी लागू शकते. यांतलं काही निघालं असतं तर एकत्र बसवणं मी टाळलंच असतं.

ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली, आणि मी काही विचारायच्या आत तिनेच विचारलं: “मी इथे बोलेन ते घरी कळेल का?”

मी नियम सांगितला: तुमच्या परवानगीशिवाय एक शब्दही जाणार नाही, तुमच्या नवऱ्याकडेही नाही. जिवाला धोका असेल तर तेवढा अपवाद, आणि तोही आधी तुम्हाला सांगून. ती जरा मागे टेकून बसली. नुसतं बुजरं माणूस पहिल्यांदा ‘काय बोलू?’ असं विचारतं. हिची काळजी बोलणं कुठे पोहोचतं याची होती.

तिच्याशी काय बोलणं झालं

‘नवरा आवडतो का’ हे विचारलंच नाही. लहान, अंगाला जाणवणारे प्रश्न विचारले. संध्याकाळी त्याची चाहूल लागली की काय होतं, धस्स होतं की नुसतं सावरून बसावंसं वाटतं? तो कामासाठी दोन दिवस बाहेर होता तेव्हा सुटका वाटली की आणखी परकं वाटलं? पुढच्या वर्षाचा विचार करताना तो चित्रात असतो का? लग्नाला होकार कोणी दिला, आणि तेव्हा नाही म्हणता आलं असतं का?

तिची उत्तरं तुटक होती पण स्पष्ट. “ते नव्हते तेव्हा मी खोलीबाहेरच आले नाही फारशी.” होकार तिचाच होता. त्याआधी एका स्थळाला तिने नकार दिला होता आणि घरच्यांनी तो मान्य केला होता. झोप, भूक, कामात लक्ष ठीक होतं. मैत्रिणींशी बोलणं नेहमीसारखं होतं. हे विचारणं आवश्यक असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि माणूस माहेरीही गप्प असेल, तर लाज की नावड हा प्रश्न बाजूला ठेवून आधी नैराश्याची तपासणी करावी लागते.

मग मी एक कागद दिला. आडवी रेघ, त्यावर लग्नापासूनचे आठवडे. बोलणं वाढल्यासारखं वाटलं तिथे वर खूण करायची, कमी झालं तिथे खाली. तिने पहिल्या चार आठवड्यांत चढत जाणाऱ्या खुणा केल्या. त्याच्या हनुवटीवरच्या जुन्या जखमेबद्दल तिने विचारलं होतं, त्यावर तासभर गप्पा झाल्या होत्या. पाचव्या आठवड्यात खूण एकदम खाली आली आणि तिथेच राहिली.

“इथे काय झालं?”

बराच वेळ गेला. मग तिने सांगितलं. एका रात्री ती त्याला म्हणाली होती की नणंद न विचारता तिचं कपाट उघडते, ते तिला अवघड जातं. तो ‘बरं’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी नणंद सगळ्यांसमोर हसत म्हणाली, “अगं, मला सांगायचं ना कपाटाचं, एवढं मनात काय ठेवायचं?” सासूबाईही हसल्या. तोही तिथेच उभा होता, आणि हसला. “तेव्हापासून मला वाटतं, खोलीत बोललेलं बाहेर जातं. मग न बोललेलं बरं.”

हाच कागद पुढच्या वेळी त्याला भरायला दिला, तिचा न दाखवता. त्याच्याही खुणा चार आठवडे वर आणि पाचव्यात खाली. कपाटाचा प्रसंग त्याला आठवतच नव्हता.

मला या प्रकरणात सगळ्यांत उपयोगी वाटलं ते हेच. माणूस किती गप्प आहे याच्यापेक्षा त्याची शांतता कोणत्या बाजूला सरकते आहे हे पाहावं. निव्वळ लाज असेल तर ती अडखळत का होईना कमी होत जाते. मुळातच नावड असेल तर चढ क्वचितच दिसतो, आणि ओळख वाढते तसा चिडचिडेपणा, टोमणे, तुच्छतेचा सूर वाढतो. इथे आधी चढ होता आणि एका ठरावीक जागी कडा तुटल्यासारखा उतार. अशा उताराच्या मागे बहुधा काहीतरी घडलेलं असतं.

काय केलं

प्रसंग त्याला सांगायची परवानगी तिने दिली, एका अटीवर: नणंदेला जाब विचारायचा नाही. एकत्र बसल्यावर तिने तो स्वतःच सांगितला, जमिनीकडे बघत. त्याचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं: “मी चांगल्यासाठीच सांगितलं, तुझा त्रास कमी व्हावा म्हणून.” ते खरंही होतं. त्याच्या घरात सगळं सगळ्यांना सांगायची पद्धत, तिच्या घरात खोलीतलं खोलीत राहायचं. मी फक्त एवढं विचारलं की तुम्ही हसलात तेव्हा ती कुठे बघत होती. त्याला आठवलं नाही. तो गप्प झाला, आणि त्या दिवसापुरतं ते पुरेसं होतं.

पुढच्या चार आठवड्यांसाठी थोड्याच गोष्टी ठरल्या. तिचं बोलणं तिला विचारल्याशिवाय तिसऱ्याकडे जाणार नाही, आईकडेही. ‘बोल ना’ आणि ‘काय झालं’ बंद. त्याऐवजी त्याने आपल्या दिवसातली एखादी गोष्ट सांगायची आणि थांबायचं. उत्तर आलं नाही तर नाही. जेवणानंतर वीस मिनिटं चालायला जायचं. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि बुजऱ्या माणसाचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. जे समोर सांगता येत नाही ते तिने लिहून द्यायचं, त्यानेही लिहूनच उत्तर द्यायचं. शारीरिक जवळिकीत पुढाकार तिच्याकडे. तो स्वतःहून काही सुरू करणार नाही आणि वाटही बघत बसणार नाही. हा शेवटचा भाग त्याला जड गेला. ताठपणामागे दुखण्याची भीती असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं लागेल, हे तिला वेगळं विचारून घेतलं. तसं काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवली: चार आठवड्यांनी काय दिसलं तर काय समजायचं. तिने स्वतःहून काहीही सुरू केलं, प्रश्न, तक्रार, बेत, काहीही, तर गाडी हलते आहे. दबाव नसतानाही शांतता तशीच राहिली, तो घरात नसताना तिला हायसं वाटत असेल, पुढचे बेत ती टाळत असेल, तर ‘तुला या लग्नात राहायचं आहे का’ हा प्रश्न नीट विचारायचा, आणि उत्तर काहीही आलं तरी ऐकायचं. हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं, कारण ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालणार असतं तो विचारून उपयोग नसतो.

सगळ्यांत कठीण बोलणं बायकोशी नव्हतं, आईशी होतं. आमच्यातलं आमच्यात राहू दे, एवढंच तो म्हणाला. त्यावर आठवडाभर “आता आई परकी झाली” हे त्याला ऐकावं लागलं. तिने सांगितलं म्हणून असं करतो आहे, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर सगळं पुन्हा पाचव्या आठवड्यात जाऊन पडलं असतं.

काय झालं

पहिले दोन आठवडे दोघं मुकाट चालून आले. त्याने मला मेसेज केला की काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात ती चालता चालता म्हणाली, “तुम्ही फार भरभर चालता.” त्याला हे खटकलं, मला मात्र आशादायक वाटलं. लग्नानंतर त्याच्याबद्दल तिने थेट केलेली ती पहिली तक्रार होती, आणि ऐकून घेतलं जाईल असं वाटल्याशिवाय बुजरं माणूस तक्रार करत नाही. त्याने चाल कमी केली. त्याच आठवड्यात तिने एक पानभर लिहून दिलं, त्यात चार गोष्टी नावडीच्या होत्या. पाहुण्यांसमोर तो तिच्या वतीने उत्तरं देतो, ही त्यांतली पहिली. म्हणजे नावड होतीच, पण त्याच्या सवयींबद्दल. चार महिने ती त्याला नकारासारखी दिसत होती, कारण तिला शब्द मिळत नव्हते.

दोन महिन्यांनंतर खोलीत दोघं बोलत होते. जवळीक तिच्या गतीने सुरू झाली होती. त्यापलीकडे मी विचारलं नाही. घरात चार माणसं जमली की ती अजूनही गप्पच असते आणि त्याला अजूनही ते खटकतं. तिचा स्वभाव बदलेल अशी अपेक्षा धरून तो पुन्हा एकदा येऊन गेला. ती अपेक्षा सोडायला त्याला वेळ लागतो आहे. नणंदेशी तिचं नातं कोरडंच आहे आणि कपाटाला आता कुलूप असतं.

काय वेगळं करता आलं असतं

साखरपुड्यानंतरच्या दोन महिन्यांत मोठ्या माणसांशिवाय तीन-चार भेटी झाल्या असत्या तर ती हळू रुळणारी आहे हे त्याला लग्नाआधीच कळलं असतं. मेसेजमध्ये तिची खूण होतीच. लग्न झाल्यावर एका छताखाली आहोत म्हणून त्याने लिहिणं बंद केलं आणि तिचा सोयीचा रस्ता नकळत बुजवला. पाचव्या आठवड्यात बोलणं अचानक थांबलं तेव्हा ‘काय झालं’ऐवजी ‘परवापासून तू गप्प आहेस, परवा काय घडलं’ असं विचारलं असतं तर कदाचित तिथेच निघालं असतं. ठरावीक दिवसाबद्दल विचारलं की उत्तर देणं सोपं जातं.

तिच्याकडूनही एक गोष्ट होण्यासारखी होती: ‘हे आईंना सांगू नका’ हे चार शब्द. ती म्हणाली, ते सांगावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं.

यांतले चालण्याचे आणि लिहिण्याचे उपाय मात्र सगळीकडे लागू पडत नाहीत. होकार तिचा नसता, किंवा त्याची चाहूल लागली की तिच्या पोटात गोळा येत असता, तर पुढाकार तिच्याकडे आणि शतपावली त्याच्याबरोबर या योजनेने तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकली असती. तिथे आधी तिची सुरक्षितता, तिचा पैसा आणि तिच्या बाजूने उभं राहणारं एखादं माणूस यांची सोय बघावी लागते, आणि नवऱ्याला तूर्त कळवण्यासारखं आपल्याकडे काही नसतं.